धरण ४७ टक्के की ३७? खरे आकडे चुकीचे वाचले जातात तेव्हा काय तपासायचं

आमच्या सिंहगड रोडच्या भागातल्या काही सोसायट्या मिळून एक माहितीपत्र काढतात. त्यातला मजकूर बाहेर जाण्याआधी एकदा माझ्या नजरेखालून जातो. पावसाळ्याचे चार महिने त्यात खडकवासला धरणसाखळीतल्या पाणीसाठ्याची बातमी असतेच, आणि दर वर्षी तिच्यात तोच बिघाड सापडतो. आकडा खरा असतो, पाटबंधारे खात्याच्या रोजच्या तक्त्यातूनच उचललेला असतो, पण वाचणारा त्यातून भलताच अर्थ घेतो. हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की कुठे हात घालायचा ते आता पाठ झालंय. ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरण धरणाचंच घेतो, कारण पुण्यातल्या माणसाला ते लगेच कळतं.

लक्षणं

पहिलं लक्षण म्हणजे मजकूर बाहेर पडल्यावर येणारा फोन. "काका, धरण शंभर टक्के भरलं असं तुम्हीच लिहिलंय ना? मग आमच्याकडे पाणी एक दिवसाआड का येतंय?" विचारणाऱ्याची चूक नसते. त्याने जे लिहिलं होतं तेच वाचलेलं असतं.

दुसरं, एकच वाक्य दोघांना वाचायला दिलं की एक म्हणतो परिस्थिती सुधारली आणि दुसरा म्हणतो तसं काही दिसत नाही. तिसरं, बातमी व्हॉट्सॲपवर दोन हात पुढे गेली की आकडा टिकतो आणि त्याचं एकक गळून पडतं. चौथं लक्षण फक्त संपादकाला दिसतं: वर चार धरणांचे आकडे, खाली एकूण टक्केवारी, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही.

यातलं एक जरी दिसलं तरी पुढच्या तपासण्या करा. सोप्यापासून अवघडाकडे जा, कारण निम्म्याहून जास्त वेळा पहिल्या दोन-तीनमध्येच काम भागतं.

प्रत्येक टक्क्याला "कशाचे?" असं विचारा

खर्च काही नाही, वेळ पाच मिनिटं. मजकूर मोठ्याने वाचा आणि प्रत्येक टक्क्यापाशी थांबून "कशाचे?" हा प्रश्न विचारा. उत्तर त्याच वाक्यात सापडलं पाहिजे. मागच्या परिच्छेदात किंवा खालच्या तक्त्यात असून भागत नाही, कारण पुढे पाठवलं जातं ते एक वाक्यच.

"खडकवासला १०० टक्के भरले" हे वाक्य घ्या. पुण्याला पाणी देणाऱ्या साखळीत चार धरणं आहेत. त्यांची उपयुक्त साठवण क्षमता टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, अशी: वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७. एकूण २९.१५ टीएमसी. म्हणजे खडकवासला काठोकाठ भरलं तरी ते साखळीच्या क्षमतेच्या जेमतेम ७ टक्के होतं. शिवाय ते साखळीत सर्वांत खाली आहे. वरच्या तिन्ही धरणांचं पाणी उतरून त्याच्यातच येतं, आणि ते लहान असल्यामुळे लवकर भरतं. ते भरलं की मुठा नदीत विसर्ग सुरू होतो, भिडे पुलावरून पाणी गेल्याचे फोटो येतात, आणि पाण्याची चिंता मिटली असं सगळ्यांना वाटतं. वरसगाव तेव्हा अर्ध्याहून रिकामं असू शकतं.

दुरुस्ती साधी आहे. "खडकवासला धरण (क्षमता १.९७ टीएमसी) पूर्ण भरले; चारही धरणांत मिळून मात्र क्षमतेच्या ३७ टक्केच पाणी आहे." वाक्य लांबलं तर लांबू द्या. "कशाचे" हा भाग शब्द वाचवण्यासाठी कापू नका. मी इतर ठिकाणी शब्द कापतो, पण इथे कधीच नाही.

हीच तपासणी "पुणे" या शब्दालाही लावा. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिका हद्दीत सुमारे ३१ लाख २४ हजार लोक होते आणि पुणे जिल्ह्यात सुमारे ९४ लाख २९ हजार. "पुण्यातले इतके टक्के" असं लिहिणाऱ्याच्या मनात एक पुणे असतं आणि वाचणाऱ्याच्या मनात दुसरं. दोन्हींत तिपटीचा फरक आहे.

एकक तपासा: साठा की वेग, लाख की दशलक्ष

"धरणातून एकूण २५,००० क्युसेक पाणी सोडले" हे वाक्य मी दर वर्षी खोडतो. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट. तो वेग आहे, गाडीच्या ताशी साठ किलोमीटरसारखा. वेगाला "एकूण" लावता येत नाही. वाचणारा मात्र ते प्रमाण समजतो आणि कालच्या १५,००० मध्ये आजचे २५,००० मिळवून ४०,००० करतो. किती पाणी गेलं हे सांगायचं असेल तर तो वेग किती तास होता ते हवं. २५,००० क्युसेक पूर्ण चोवीस तास चालला तर २.१६ टीएमसी पाणी जातं, म्हणजे एका भरलेल्या खडकवासल्याहून थोडं जास्तच. तोच वेग एक तास असेल तर ०.०९ टीएमसी. म्हणून "सकाळी आठपासून सेकंदाला २५,००० घनफूट वेगाने विसर्ग सुरू आहे" असं लिहा.

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, म्हणजेच १०० कोटी घनफूट, म्हणजेच एक अब्ज. इथे मिलियनचं लाख करून टाकण्याची चूक फार होते. मिलियन म्हणजे दहा लाख. हातातून एक शून्य निसटलं की साठा एक दशांश होतो आणि वाक्य दिसायला ठीकच राहतं. खात्याच्या तक्त्यात "दलघमी" असंही येतं. ते दशलक्ष घनमीटर. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. एकाच मजकुरात दोन्ही एककं ठेवू नका. एक निवडा आणि पहिल्यांदा येईल तिथे त्याचा अर्थ सांगा.

जाता जाता, खर्व हा शब्द टाळाच. आपल्या पाठात अब्जानंतर खर्व येतो आणि तो दहा अब्जांचा असतो. हिंदी मजकुरातलं खरब मात्र शंभर अब्जांचं. हिंदी बातमीवरून मराठी करताना हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. "हजार कोटी", "लाख कोटी" असं लिहिलं की गोंधळायला जागाच उरत नाही. स्वल्पविरामही आपल्या पद्धतीचेच ठेवा. १,००,००० आणि १००,००० एकाच पानावर आले की डोळा फसतो.

मोठा आकडा नुसता लिटरमध्ये सांगून काही कळत नाही. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. हे खरं आहे, पण त्याने कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. आमच्या वाचकांसाठी मी खडकवासल्याचंच माप वापरतो: "तीन टीएमसी पाणी म्हणजे साधारण दीड खडकवासला." ते धरण त्यांनी पाहिलेलं असतं.

वाढ झाली म्हणजे नेमकं काय झालं

इथे थोडा जास्त वेळ द्या, कारण ही चूक भाषेतच दडलेली आहे. समजा, गेल्या वर्षी याच तारखेला साखळीत ३० टक्के पाणी होतं आणि आज ३७ टक्के आहे. (हे आणि खालचे साठ्याचे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, क्षमता तेवढ्या खऱ्या आहेत.) लेखक लिहितो, "साठा ७ टक्क्यांनी वाढला." दुसरा तोच आकडा पाहून लिहितो, "साठा सुमारे २३ टक्क्यांनी वाढला." पहिल्याने ३७ मधून ३० वजा केले. दुसऱ्याने वाढलेले ७ हे आधीच्या ३० च्या किती टक्के होतात ते काढलं. दोघांचं गणित बरोबर आहे, अर्थ मात्र वेगळे आहेत.

मराठीत ही अडचण जास्त जाणवते, कारण आपण दोन्ही रीती रोज वापरतो. "कर्जाचं व्याज पाव टक्क्याने वाढलं" म्हटलं की कुणीही साडेआठवरून पावणेनऊ असंच समजतं. साडेआठचा पाव टक्का कुणी काढत बसत नाही. पण "पगार दहा टक्क्यांनी वाढला" म्हटलं की मूळ पगाराचे दहा टक्के. व्याजाला एक रीत आणि पगाराला दुसरी, हे सवयीने कळतं. धरणाच्या साठ्याला किंवा परीक्षेच्या निकालाला कुठली रीत लावायची हे वाचकाला कुणी सांगितलेलं नसतं. त्याने पगाराची रीत लावली, तर "७ टक्क्यांनी वाढला" याचा अर्थ तो ३० वरून ३२ असा घेईल. पाण्यात मोजलं तर प्रत्यक्षातली वाढ दोन टीएमसीच्या वर आहे आणि त्याला वाटतेय सहा दशांश टीएमसी.

टक्केवारीतल्या अशा फरकाला "टक्केबिंदू" हा शब्द काही जण वापरतात. शब्द चांगला आहे, पण आमच्या माहितीपत्राचे निम्मे वाचक तो पहिल्यांदाच पाहतील, म्हणून मी एकट्या त्याच्यावर विसंबत नाही. दोन्ही टोकं लिहून टाकतो: "साठा ३० टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेला." यात चुकीचं वाचायला वावच राहत नाही.

कुठली बाजू निवडली यानेही चित्र किती बदलतं ते जनगणनेत दिसतं. पुणे जिल्ह्याची साक्षरता २००१ मध्ये ८०.४५ टक्के होती आणि २०११ मध्ये ८६.१५ टक्के झाली. साक्षरता ७ टक्क्यांनी वाढली म्हणा, ते खरं आहे. निरक्षरांचं प्रमाण १९.५५ वरून १३.८५ वर आलं, म्हणजे २९ टक्क्यांनी घटलं म्हणा, तेही खरं आहे. पहिलं वाक्य मंद प्रगती सांगतं, दुसरं मोठी झेप. म्हणून इथेही दोन्ही टोकं द्या, आणि साक्षरता सात वर्षांवरच्या लोकसंख्येत मोजतात हेही त्याच वाक्यात येऊ द्या.

"पट" हा शब्द वापरतानाही हीच काळजी घ्या. "तिप्पट झाले" स्पष्ट आहे. "तिपटीने वाढले" म्हटलं की कुणी तीनपट समजतो, कुणी मूळ अधिक तीनपट. "तिपटीने कमी झाले" याला तर अर्थच लागत नाही. तिथे "एक तृतीयांश उरले" लिहा. आणि "२०० टक्के वाढ" म्हणजे तिप्पट, दुप्पट नव्हे. ही चूक मी अनुभवी लोकांच्या हातूनही झालेली पाहिली आहे.

टक्क्यांची सरासरी कुणी काढली आहे का

ही तपासणी सर्वांत महत्त्वाची, कारण इथे आकडाच चुकतो आणि तो नुसत्या वाचनाने पकडता येत नाही. कागद घ्यावा लागतो.

एका जुलैत माझ्याकडे आलेल्या मजकुरात ही चूक होती. आकडे सोपे करून सांगतो. खडकवासला १०० टक्के, पानशेत ४०, वरसगाव ३०, टेमघर २०. लिहिणाऱ्या ताईंनी चारांची बेरीज केली, १९० आली, चाराने भागलं आणि शीर्षक दिलं: "धरणांत ४७.५ टक्के पाणी". तपासून पाहू. ४० टक्के पानशेत म्हणजे ४.२६ टीएमसी. ३० टक्के वरसगाव म्हणजे ३.८५. २० टक्के टेमघर म्हणजे ०.७४. आणि पूर्ण खडकवासला १.९७. एकूण १०.८२ टीएमसी. २९.१५ पैकी १०.८२ म्हणजे ३७ टक्के.

शीर्षकात सुमारे तीन टीएमसी पाणी जास्त दाखवलं गेलं होतं, म्हणजे दीड खडकवासला भरेल इतकं पाणी, जे कुठेच नव्हतं. कारण असं की नुसत्या सरासरीने १.९७ टीएमसीच्या धरणाला आणि १२.८२ टीएमसीच्या धरणाला सारखंच वजन दिलं. ताईंना मी हिशेब दाखवला तेव्हा त्यांनी लगेच मागचे दोन अंक काढून तपासले. तिथेही तेच झालेलं होतं. पुढच्या अंकात आम्ही दोन्ही दुरुस्त्या पहिल्या पानावर छापल्या.

नियम असा: वेगवेगळ्या आकाराच्या गोष्टींच्या टक्क्यांची थेट सरासरी काढायची नाही. आधी टक्क्यांचं मूळ प्रमाण करा, बेरीज करा, मग एकूणावर टक्का काढा. स्प्रेडशीटमध्ये `B` स्तंभात क्षमता आणि `C` स्तंभात टक्के असतील तर एका ओळीत होतं:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/SUM(B2:B5)
```

वरचे आकडे टाकून पाहा, ३७.१ यायला हवेत. ०.३७१ आलं तर घाबरू नका. खान्यात टक्क्याचं चिन्ह असल्यामुळे तसं दिसतं. अशी सरासरी कुणी काढली आहे हे ओळखायची खूणही आहे. साखळीचा आकडा मोठ्या धरणांच्या आकड्यांजवळ असायला हवा. इथे साखळीचा जवळजवळ ८० टक्के भाग पानशेत आणि वरसगाव यांचा आहे आणि ती दोन्ही ४० च्या वर नाहीत. मग एकूण ४७ कसं येईल? हा प्रश्न पडला की कागद काढा.

तुलना कशाशी केली आहे

पावसाळ्यात साठा रोज बदलतो, म्हणून १५ जुलैची तुलना गेल्या वर्षीच्या ३१ जुलैशी केली तर ती पावसाच्या सोळा दिवसांची तुलना होते, वर्षांची नाही. तारीख तीच आहे ना ते पाहा. गेलं वर्ष दुष्काळी असेल तर यंदाचं साधं वर्षही भरघोस दिसतं. अशा वेळी मी एकाऐवजी मागची पाच वर्षं त्याच तारखेला काय होतं ते देतो. पाच आकडे एका ओळीत मावतात. त्यांच्यावर विशेषणं चढवू नका. "विक्रमी" आणि "चिंताजनक" हे शब्द आकड्यांनी सिद्ध झाले तरच ठेवा.

एवढं सगळं करून झाल्यावर तो जुलैचा परिच्छेद असा झाला होता:

"१५ जुलै रोजी सकाळी चारही धरणांत मिळून १०.८२ टीएमसी उपयुक्त पाणी आहे. एकूण क्षमता २९.१५ टीएमसी असल्याने हे प्रमाण ३७ टक्के होते. गेल्या वर्षी याच तारखेला ते ३० टक्के होते. खडकवासला भरले असले तरी ते साखळीतले सर्वांत लहान धरण आहे. पानशेत आणि वरसगाव अजून निम्मीही भरलेली नाहीत."

हा परिच्छेद शेजारच्या घरात कुणालाही एकदा वाचून दाखवा, कागद परत घ्या आणि काय कळलं ते विचारा. सांगताना त्यांनी "३७" सोबत "चारही धरणं मिळून" हे शब्द आपणहून म्हटले तर काम झालं. नुसतं "३७ टक्के भरलं म्हणे" आलं तर वाक्याची मांडणी अजून बदलायची आहे.

इथे थांबा आणि जाणकाराला विचारा

काही ठिकाणी भाषा कितीही सुधारली तरी उपयोग नसतो, कारण प्रश्न मांडणीचा नसून मूळ आकड्याचा असतो. आकडा काही लोकांना विचारून काढलेला असेल आणि दोन गटांत दोन-तीन टक्क्यांचाच फरक असेल, तर तो फरक खरा की निवडलेल्या माणसांमुळे पडलेला, हे आपण सांगू शकत नाही. औषधाने धोका "निम्मा" झाला असं असेल आणि मूळ धोका किती होता ते कुठेच दिलेलं नसेल, तर ते वाक्य छापू नका. "अमुक केल्यामुळे तमुक घटलं" यातलं "मुळे" कुणी तपासलं आहे हे कळत नसेल तरीही तेच करा. अशा वेळी संख्याशास्त्र शिकलेला माणूस गाठा. पुण्यात विद्यापीठात आणि अनेक महाविद्यालयांत या विषयाचे विभाग आहेत, आणि नेमका प्रश्न घेऊन गेलं तर शिक्षक वेळ देतात, असा माझा अनुभव आहे. जाताना मूळ तक्ता सोबत न्या, आपला मजकूर नव्हे.

धरणाच्या बाबतीत माझी रेघ ठरलेली आहे. "हे पाणी किती दिवस पुरेल?" हा प्रश्न वाचक हमखास विचारतात, आणि साठ्याला शहराच्या रोजच्या वापराने भागून उत्तर द्यायचा मोह होतो. मी ते करत नाही. त्याच साठ्यातून मुठा उजव्या कालव्याने दौंड-इंदापूरकडे शेतीलाही पाणी जातं, बाष्पीभवन होतं, वरून पाऊसही येत असतो. तो भागाकार कागदावर दोन ओळींत होतो, पण त्याच्या भरवशावर कुणी पाण्याची टाकी घेतो आणि कुणी घ्यायची थांबवतो. हा आकडा हवा असेल तर पाटबंधारे विभागातल्या अभियंत्याला विचारा, त्याने कोणकोणता वापर धरला आहे ते लिहून घ्या आणि आकड्याशेजारीच छापा.